आईबाबा तिकडे, आपण इकडे: कुठली म्हण कधी म्हणायची आणि कधी गप्प बसायचं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

लांब राहणाऱ्या मुलामुलींसमोर आईबाबांचा विषय निघाला की आजूबाजूचे लोक म्हणी ऐकवतात, आणि रात्री झोप येत नाही तेव्हा आपणही स्वतःला त्याच ऐकवतो. त्यातल्या काही खरंच धीर देतात, काही नुसती मलमपट्टी असते आणि काही तर सरळसरळ टोमणे असतात. कुठली कुठे चालते याबद्दल जे प्रश्न मित्रमंडळींत आणि नातेवाईकांत परत परत निघतात ते इथे घेतलेत. उत्तरं माझ्या मताची आहेत, पटली नाहीत तर सोडून द्या.

"घार हिंडते आकाशी, चित्त तिचे पिलांपाशी" हे मी आईबद्दल म्हटलं तर चालेल का? उगाच नाटकी वाटतं.

चालेल की. फक्त मूळ ओळ नीट बघा. जनाबाईंच्या अभंगात घार आकाशात हिंडते आणि पिलांपाशी झाप घालते, म्हणजे खाली येते, झडप घालून. चित्त बाळापाशी असतं ती पुढच्या ओळीतली कामात गुंतलेली माता. आपण बोलता बोलता दोन्ही ओळी एकत्र केल्या आणि खाली येणं तेवढं गाळून टाकलं, सोयीचं होतं ना! त्यामुळे नुसतं "माझं चित्त तुझ्यापाशीच आहे गं" म्हटलं की आईला बरं वाटतं, खोटं काही नाही त्यात, पण तिच्या रोजच्या दिवसात त्याने काडीचा फरक पडत नाही. ती अजूनही एकटीच गॅसचा सिलेंडर बदलणार असते.

म्हणून या म्हणीला एक शेपूट जोडायचं. उदाहरणार्थ, "आई, चित्त तुझ्यापाशी असतं पण हात पोचत नाहीत, म्हणून हातांची सोय करतोय, सोमवारपासून सकाळी मावशी येतील, त्यांना मी फोनवर सगळं सांगितलंय, तू फक्त त्या आल्या की नाही ते मला कळव." पहिल्या तुकड्यात माया आहे, दुसऱ्यात अंतराची कबुली आहे आणि तिसऱ्यात काम आहे. तीनही पाहिजेत. नुसती माया ऐकून ऐकून आईलाही कंटाळा येतो, ती बोलून दाखवत नाही इतकंच.

आपण स्वतःची समजूत घालतोय की खरंच काही करतोय, हे ओळखायचं कसं?

तुकोबांची ओळ लावून बघा. "बोलाचीच कढी बोलाचाच भात, जेवोनिया तृप्त कोण झाला." फोन ठेवल्यावर विचारायचं, या बोलण्यातून तिकडे कुणाच्या ताटात काय पडलं? दरवेळी काही पडलंच पाहिजे असं नाही बरं का. कधीकधी गप्पा याच कामाच्या असतात, बाबांना क्रिकेटवर बोलायला कुणी नसतं आणि तुम्ही अर्धा तास बोललात तर ते पोटभर जेवणच आहे. पण महिनाभर प्रत्येक फोन "काळजी घ्या, वेळेवर जेवा, पंख्याखाली बसू नका" एवढाच असेल तर ती बोलाची कढी.

आई पडली, ऑपरेशन आहे, मी पोचू शकत नाही. काय बोलू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून जरा सविस्तर घेते. समजा आई मिरजेला आहे, वय ७८, बाबा गेलेत, मुलगा टोरांटोला, मुलगी सांगलीत. पहाटे आई बाथरूममध्ये घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. खुब्याच्या फ्रॅक्चरमध्ये डॉक्टर साधारण एक-दोन दिवसांत ऑपरेशन उरकायला बघतात, कारण म्हातारं माणूस जितकं जास्त पडून राहील तितका छातीत कफ होणं, पायात रक्ताची गुठळी होणं, पाठीला जखमा होणं असले धोके वाढतात. आता टोरांटोहून मुंबईला यायला विमानाची अदलाबदल धरून जवळपास अख्खा दिवस जातो, पुढे मुंबई-मिरज रस्त्याने सात-आठ तास, शिवाय तिकीट मिळायला हवं, रजा मिळायला हवी. म्हणजे हिशोब सरळ आहे, ऑपरेशनच्या वेळी मुलगा तिथे नसणार.

अशा वेळी बहुतेक लोक "येतोय, येतोय, निघतोच आहे" म्हणतात. वाईट हेतूने नाही, तोंडातून तेच निघतं. पण मग सांगलीतली बहीण त्या भरवशावर राहते, आई ऑपरेशन थिएटरच्या दारात "दादा आला का" विचारते, आणि नाही आला हे तिला बहिणीने सांगायचं. सगळं ओझं तिच्यावर.

त्यापेक्षा पहिल्याच फोनवर बहिणीला सांगायचं, "ताई, ऑपरेशनला मी पोचत नाही. सह्या तू कर, निर्णय तू घे, डॉक्टरांशी बोलताना मला फोनवर घेतलंस तर ऐकेन, नाही घेतलंस तरी चालेल, तू जे ठरवशील त्याच्या मागे मी आहे, नंतर कधीही असं का केलंस म्हणून विचारणार नाही." हे शेवटचं वाक्य म्हणायला सगळ्यात जड आहे आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं. आणि आईला, स्ट्रेचरवर असताना फोन कानाला लावून, "आई, मी आत्ता तिथे नाही. ताई आहे. तू घरी आलीस की मी येतो, तारीख ताईला सांगितली आहे."

आणि खरोखर कधी जायचं? माझं मत, लगेच धावत जाण्यापेक्षा दोन-तीन आठवड्यांनी गेलेलं जास्त उपयोगाचं. पहिल्या आठवड्यात हॉस्पिटलात माणसांची रांग असते, मामा, आत्या, शेजारच्या काकू, सगळे नारळपाणी घेऊन. ऑपरेशन नीट झालं तर बहुधा दुसऱ्या दिवशीच वॉकर धरून उभं करतात, काही दिवसांत घरी सोडतात, आणि मग खरा प्रकार सुरू होतो. रात्री दोनदा बाथरूमला न्यायचं, फिजिओथेरपीचा व्यायाम रडारड करत करून घ्यायचा, कमोडची उंची वाढवायची, बाथरूममध्ये धरायला दांडे बसवायचे, फरशीवरचं पायपुसणं काढून टाकायचं. तोवर रांग संपलेली असते आणि ताई थकून गेलेली असते. त्या वेळी तीन आठवडे जाऊन राहिलात तर ते झाप घालणं झालं. अर्थात हे आईच्या जिवाला तातडीचा धोका नसेल तेव्हाचं, डॉक्टर "बोलावून घ्या" म्हणाले तर बाकी सगळं बाजूला, मिळेल त्या विमानाने निघा.

लोक पुंडलिकाचं उदाहरण देतात. मग मला काय उत्तर आहे?

आधी गोष्ट पूर्ण आठवा. कथेतला पुंडलिक सुरुवातीला आईवडिलांना छळणाराच होता, काशीच्या वाटेवर कुक्कुट ऋषींच्या आश्रमात त्याचे डोळे उघडले आणि मग तो सेवेला लागला. ही बाजू कीर्तनात येते, टोमण्यात येत नाही.

पण मला त्यातलं दुसरंच काहीतरी कामाचं वाटतं. दारात देव आला तरी पुंडलिक उठला नाही, वीट भिरकावली आणि म्हणाला थांबा, पाय चेपतोय. आता तुमच्या घरात पाय चेपणारं माणूस कोण आहे? बहीण, वहिनी, नाहीतर ठेवलेल्या मावशी. तुम्ही नाही. तुमची जागा विटेवरची आहे! म्हणजे ताई आईला भरवत असताना तीनदा फोन करून "रिपोर्ट पाठव, बीपी किती, डॉक्टर काय म्हणाले, नीट विचारलंस का" असं करायचं नाही. कमरेवर हात ठेवून उभं राहायचं. तिचं झालं की ती करेल फोन. देवाला अठ्ठावीस युगं जमलं, आपल्याला अर्धा तास जमायला हरकत नाही.

भाऊ म्हणतो, "तू उंटावरून शेळ्या हाकू नकोस." मी मदतच करत होते!

भाऊ बरोबर असण्याची शक्यता जास्त आहे, सॉरी. इंटरनेटवर औषधाचे साइड इफेक्ट वाचून रात्री अकराला भावाला मेसेज टाकणं ही मदत नाही, ते त्याच्या डोक्यावर आणखी एक काम. तुमच्या बाजूने काळजी असते, त्याला मात्र तपासणी वाटते.

उंटावर बसूनच करता येतील अशी कामं भरपूर आहेत, ती मागून घ्या. मेडिक्लेमचे कागद, कॅशलेससाठी इन्शुरन्सवाल्यांच्या मागे लागणं, वीजबिल, सोसायटीचा मेंटेनन्स, घरी येऊन रक्त घेणाऱ्यांचं बुकिंग, सगळे जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून एकाच फाइलमध्ये ठेवणं. यात वेळेचा फरक उलट फायद्याचा पडतो, टोरांटो आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे आहे, म्हणजे भाऊ झोपलेला असताना तुमचा दिवस चालू असतो आणि तो उठेपर्यंत फॉर्म भरून झालेला असतो. पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतो, पण तिथे मोबाइल धरायला कुणीतरी लागतंच, त्यामुळे ते काम भावाकडेच राहणार, आठवण मात्र तुम्ही ठेवा, नोव्हेंबर आला की.

आणि भावाला म्हणायचं काय? "ज्याचं जळतं त्याला कळतं, आणि आत्ता जळतंय तुझं, मला फक्त धूर दिसतो. सांग, कुठलं काम माझ्याकडे टाकू?" एवढं म्हटलं की निम्मं भांडण संपतं. बाकीचं निम्मं जुनं असतं, वडिलोपार्जित, ते काही म्हणीने संपत नाही.

बाबा फोनवर नेहमी "मी मजेत" म्हणतात. विश्वास ठेवायचा?

झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण आपल्या आधीच्या पिढीने जरा जास्तच मनावर घेतलेली आहे. मुलगा लांब आहे, त्याला कशाला त्रास, म्हणून गुडघा सुजलेला, दाढ दुखतेय, दोन दिवस खिचडीवर भागवलंय, काही सांगत नाहीत. आणि आपल्यालाही ते सोयीचं असतं, दुरून डोंगर साजरे.

"कसे आहात" हा प्रश्नच बाद करा, त्याचं एकच उत्तर येतं. त्याऐवजी शितावरून भाताची परीक्षा. गोळ्यांची स्ट्रिप कॅमेऱ्यासमोर धरायला सांगा. दहाची स्ट्रिप, रोज एक गोळी, सोमवारी उघडली आणि शुक्रवारी रात्री आठ शिल्लक असतील तर तीन दिवस गोळी पोटात गेलेलीच नाही. आज भाजी कुठली केली ते विचारा, रोज "भाजीबिजी काय, दहीभात" येत असेल तर एकतर स्वयंपाक झेपत नाही किंवा कवळी दुखतेय. प्रत्येक प्रश्नाला "हो हो" येत असेल, "पाऊस आहे का" ला पण हो आणि "चहा झाला की व्हायचाय" ला पण हो, तर ऐकू कमी येतंय, डोक्यात काही झालेलं असेलच असं नाही, आधी कान तपासून घ्या. व्हिडिओ कॉलवर त्यांच्या चेहऱ्याच्या मागे बघायचं, टेबलावर पेपरची न उघडलेली चळत, उष्टे कप, आठवडाभर तोच शर्ट.

आणि हे चोरून करू नका, म्हणजे हेरगिरी वाटते. सरळ सांगा, "बाबा, तुम्ही मूठ झाकता हे मला माहितीये. मला लांबून काळजी करायची तर आहेच, निदान खऱ्या गोष्टीची करू द्या." माझ्या ओळखीतले बरेच म्हातारे या वाक्याला हसतात आणि मग हळूच गुडघ्याचं काढतात.

आई दर फोनला विचारते "कधी येणार?" काय सांगू?

"लवकरच" हा शब्द वापरू नका. तिच्या कॅलेंडरवर लवकरच असा दिवस नसतो. तारीख असेल तर तारीख, नसेल तर "अजून ठरलं नाही, दिवाळीपर्यंत जमत नाही एवढं नक्की, ठरलं की आधी तुलाच सांगेन." हे ऐकून ती खट्टू होईल. होऊ द्या. दरवेळी आशा लावून दरवेळी मोडण्यापेक्षा एकदाच खट्टू झालेलं बरं.

विसरण्याचा आजार असेल तर नियम बदलतो. ती दहा मिनिटांत तेच सहा वेळा विचारेल, तिला "आत्ताच सांगितलं ना" म्हणून काही उपयोग नाही, तिच्या दृष्टीने ती पहिल्यांदाच विचारत असते. छोटं, तेच आणि खरं उत्तर, "फ्लाइट मिळाली की येतो गं आई, खिडकीतून काय दिसतंय सांग."

पैसे पाठवतो, पण "पैसे फेकून मोकळा झाला" असं ऐकावं लागतं.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. रात्रीची बाई, फिजिओ, डायपर, हॉस्पिटलचं डिपॉझिट, हे मायेने भागत नाही. कोकणातल्या कितीतरी घरांनी मुंबईच्या चाकरमान्याच्या मनीऑर्डरवर म्हातारी माणसं सांभाळली आणि तो गणपतीला आणि शिमग्याला घरी यायचा, त्याला कुणी पैसे फेकणारा म्हटलं नाही. तेव्हा पैशाची लाज नको.

मात्र दोन गोष्टी. चांगला पगार असताना "फूल ना फुलाची पाकळी" म्हणू नका, ते समोरच्याला खोचक वाटतं. आणि पैसे पाठवून प्रश्न मिटला असंही म्हणू नका. "पैशाचं माझ्याकडे, धावपळ तुझ्याकडे, हे समान नाही हे मला कळतंय, वर्षातून एक महिना मी येऊन राहतो आणि तू चार दिवस कुठेतरी जाऊन ये." मग तो महिना पाळा.

कुठल्या म्हणी अजिबात नकोत?

"पिकलं पान गळणारच." हे फक्त पिकल्या पानाने स्वतःबद्दल म्हणायचं. आजोबा म्हणाले तर हसून ऐकून घ्या, मुलाने किंवा सुनेने म्हणायचं नाही, जवळच्याने नाही आणि लांबच्याने तर मुळीच नाही. "देव तारी त्याला कोण मारी" हे तपासणी पुढे ढकलायचं कारण होतं, टाळा. "ठेविले अनंते तैसेचि राहावे" हे बाबा स्वतःला म्हणत असतील तर छान, पण तुम्ही त्यांना ऐकवलंत तर त्याचा अर्थ होतो की तक्रार करू नका. "घरोघरी मातीच्या चुली" चालते, पण मित्राशी बोलताना. आईला तिच्या एकटेपणावर ती ऐकवू नका, तिला तिच्याच चुलीचा धूर लागतोय.

लग्नसमारंभात नातेवाईक ऐकवतात, "काय उपयोग एवढ्या शिक्षणाचा." उत्तर काय द्यावं?

भांडू नका, खुलासेही नको. "हो काका, मी लांब आहे आणि त्याची उणीव आहेच. तुम्ही जवळ आहात, महिन्यातून एकदा बाबांकडे चक्कर मारता का? त्यांना बुद्धिबळाला जोडीदार हवाय." काही काका खरंच जातात. बाकीचे विषय बदलतात, तेही चांगलंच.

मी शेवटच्या क्षणी पोचलो नाही. स्वतःला काय सांगू?

लोक सांगतील, "नशिबात नव्हतं", "त्यांना तुला त्रास द्यायचा नव्हता म्हणून आधीच गेले." प्रेमाने म्हणतात, ऐकून घ्या. तुम्हाला स्वतःला म्हणायचं असेल तर मला वाटतं साधं वाक्य बरं, "मी नव्हतो. ताई होती. पाणी तिने पाजलं." यात शिक्षा नाही आणि सूटही नाही, जे झालं ते आहे. तुमच्या जागी कोण होतं त्याचं नाव त्यात आलं पाहिजे, आणि पुढे कधीतरी ते त्या माणसाच्या तोंडावर म्हटलं गेलं पाहिजे, कारण दुःखात सगळे लांबून आलेल्याला मिठी मारतात आणि जवळ असलेली बाई आत चहा करत असते.

ज्यांच्यावर अजून ही वेळ आलेली नाही त्यांनी एक गोष्ट आधीच बोलून ठेवा. माणूस गेलं की दोन तासांत फोन येतो, "तुझ्यासाठी थांबायचं का?" शवपेटीत ठेवून वाट बघायची की आटपायचं. त्या क्षणी डोकं चालत नाही, आणि काहीही उत्तर दिलं तरी नंतर टोचतं. म्हणून आत्ता, सगळे धडधाकट असताना, आईबाबांना विचारता आलं तर त्यांनाच, नाहीतर भावंडांना विचारून ठेवा. "मी पोचेपर्यंत थांबू नका, अग्नी ताईने द्यावा, मी फोनवर असेन" किंवा "एक दिवस थांबा, मी येतोच." दोन्ही बरोबर आहे. बऱ्याच आया हा विषय काढला की "अगंबाई, कसलं अभद्र बोलतोस" म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी फोन करून सगळं नीट सांगतात, साडी कुठली ते सुद्धा.

रोज सकाळी आईला सुविचार फॉरवर्ड केला तर?

करा, पण तिच्या भावाने तो आधीच पाठवलेला असतो. त्यापेक्षा स्वतःच्या आवाजातला अर्ध्या मिनिटाचा व्हॉइस मेसेज टाका, आज डब्यात काय नेलं, बाहेर किती थंडी, बॉस काय म्हणाला. ती तो शेजारच्या काकूंना ऐकवते. आणि एक कागद मोठ्या अक्षरात लिहून फोनजवळ चिकटवायला सांगा, वर शेजाऱ्यांचा नंबर, मग ताईचा, मग फॅमिली डॉक्टरांचा, मग ज्येष्ठ नागरिकांची हेल्पलाइन १४५६७, ती सकाळी आठ ते रात्री आठ चालते. तुमचा नंबर सगळ्यात खाली. रात्री दोनला छातीत दुखलं तर तिने आधी तुम्हाला फोन लावायचा नाहीये.